रंगपंचमीला तळमजल्याच्या घरात चाळीस माणसं: फरशी, भिंती आणि सासऱ्यांचा झोपाळा कसा वाचवायचा?

अबोली_कोथरूड

नमस्कार मंडळी. यंदा रंगपंचमी रविवारी आली आणि आमच्या सोसायटीतल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं की तळमजल्यावर राहणाऱ्यांकडे, म्हणजे आमच्याकडे, सगळ्यांनी जमायचं. लहानमोठे धरून चाळीस तरी होतील. रंग खेळायचा बाहेर पार्किंगच्या मोकळ्या जागेत, पण बसणं, खाणंपिणं आणि मुख्य म्हणजे बाथरूम आमचंच.

घर जुनं आहे. हॉल १८ बाय ११ फुटांचा, खाली मोझॅकची फरशी, आणि तिचं पॉलिश बऱ्यापैकी उडालेलं आहे. हॉलच्या भिंतींना क्रीम रंगाचा प्लास्टिक पेंट आहे, बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात मात्र साधा डिस्टेंपर. सोफा कापडी. खिडकीशी सासऱ्यांचा सागवानी झोपाळा आहे, फ्रेंच पॉलिशचा. त्याला काही झालं तर मला माहेरीच जावं लागेल.

गेल्या वर्षी पंधराच जण होते, तरी स्विचबोर्डाशेजारी एक गुलाबी पंजा उमटला तो अजून आहे. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं गोडाऊन दिसावं अशी माझी इच्छा नाही. सणासारखं दिसायला हवं, धुऊन पुढच्या वर्षी परत वापरता यायला हवं. सासूबाईंच्या जुन्या बारा-तेरा साड्या, दोन सतरंज्या, चार चादरी आणि एक गोधडी असा ऐवज हाताशी आहे. कुठून सुरुवात करू?

काकाकुआ

सोपं आहे हो. हॉलभर निळी ताडपत्री अंथरा, भिंतींना सिंथेटिक साड्या टेपने चिकटवा, सोफ्यावर आणि झोपाळ्यावर प्लास्टिक टाका. सिंथेटिकला रंग लागत नाही. कुठे डाग पडलाच तर लिंबू नाहीतर व्हिनेगर. आम्ही दर वर्षी असंच करतो.

रहाडकर_नाशिक

आमच्या नाशकात पंचमीला रहाडी उघडतात. रंगाने भरलेला दगडी हौदच तो, त्यात उडी मारून आलेला माणूस घरी येतो तेव्हा नखशिखांत एकाच रंगाचा असतो. तो घरात येण्यापासून थांबवता येत नाही, फक्त कुठून येईल ते ठरवता येतं. आमची आजी मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत जुनी जाजमं एकापुढे एक टाकायची आणि ओट्यावर काठी घेऊन बसायची. जाजमाबाहेर पाय पडला की काठी पोटरीवर! बाकी घराला तिने कधी काही झाकलं नाही.

मुक्ता_व

आम्ही गेल्या वर्षी अंगणातल्या ब्लॉकवर थेट होळी पेटवली आणि मधले सात-आठ ब्लॉक काळे होऊन तडकले. तेव्हा खाली वाळूचा चांगला चार-सहा इंचांचा थर द्या, त्यावर विटा आणि मग लाकडं. गोवऱ्या भिंतीपासून लांब रचा. साड्याबिड्या तर अजिबात जवळ नकोत, भुर्रकन पेटतील.

अबोली_कोथरूड

@मुक्ता_व, होळी सोसायटीच्या मैदानात आधीच होणार आहे, मी रंगपंचमीबद्दल विचारतेय. पण वाळूचं आमच्या सेक्रेटरींना सांगते.

@रहाडकर, काठी हातात घ्यायला सासूबाई तयार आहेत. :)

@काकाकुआ, तुमच्या प्लॅनमध्ये ते गोडाऊनच होतंय ना!

सूतगिरणी

इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये तीस वर्षं कापड रंगवण्यात गेली, आता निवृत्त आहे. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

काकाकुआ अर्धे बरोबर आहेत. सिंथेटिकला रंग लागत नाही हे पॉलिएस्टरबद्दल खरं. पॉलिएस्टर रंगवायला कारखान्यात १३० अंशांना दाबाखाली उकळावं लागतं, तेही वेगळ्या जातीच्या रंगाने. गुलालातला पाण्यात विरघळणारा रंग त्याच्यात शिरतच नाही, नुसता धाग्यांच्या मध्ये अडकतो आणि गार पाण्याने निघतो. पण नायलॉनही सिंथेटिकच आहे, आणि ते असे रंग आवडीने पितं. रेशीम आणि लोकरही तसंच. सासूबाईंच्या साड्यांमध्ये जुन्या नायलॉनच्या निघण्याची बरीच शक्यता आहे, त्या काळात त्यांची लाट होती. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. म्हणून अंदाज न करता प्रत्येक साडीच्या पदरामागच्या कोपऱ्यावर तुम्ही आणणार तोच गुलाल ओला करून चोळा, अर्धा तास ठेवा, गार पाण्यात धुवा. डाग गेला ती साडी भिंतीवर, राहिला ती कपाटात.

दुसरी चाचणी याहून महत्त्वाची आहे आणि ती कोणीच करत नाही: सजावटीचा स्वतःचा रंग जातो का? लाल-काळी सतरंजी, बांधणी, बाटिक, नवी खणाची तोरणं यांचा रंग बहुतेक वेळा कच्चा असतो. ओल्या पायाखाली अशी सतरंजी तासभर राहिली की तिचा लाल पट्टा मोझॅकवर छापला जातो, आणि तुम्ही गुलालाला शिव्या देत बसता. कोपरा कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग पांढऱ्या रुमालात दाबून पिळा. रुमाल रंगला तर ती वस्तू जमिनीवर नको.

आता भिंतीचा मुद्दा. पॉलिएस्टर रंग पीत नाही, पण पाणी अडवतही नाही. ओला हात टेकला की रंगीत पाणी विणीतून पलीकडे जातं. म्हणजे नुसती साडी ही कोरड्या रंगापासून आणि हाताच्या पुसट डागापासून वाचवते, पिचकारीपासून नाही. जिथे ओलं माणूस टेकणार तिथे साडीमागे मेणकापड हवं.

काकाकुआ

मान्य. आमच्याकडे सगळ्या पॉलिएस्टरच्या जॉर्जेट असल्यामुळे कधी कळलं नाही. पण लिंबाचं काय चुकलं?

सूतगिरणी

लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं ॲसिड यातलं काहीही मोझॅकवर किंवा संगमरवरावर नको. मोझॅक म्हणजे सिमेंटात बसवलेले संगमरवराचे तुकडे, आणि आम्ल दोन्ही खातं. डाग पुसट होईल, पण तेवढी जागा कायमची निस्तेज आणि खरखरीत होईल. पुढचा डाग तिथेच आणखी खोल जाणार.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. आम्ही मराठी मंडळींनी काही वर्षांपूर्वी एक हॉल भाड्याने घेतला होता. खाली भिंत ते भिंत कार्पेट. रंग बाहेर लॉनवरच खेळलो, आत फक्त जेवण. पण मार्चमध्ये इथे थंडी, दहा मिनिटांत सगळे आत पळाले, अंगावर कोरडा गुलाल घेऊन. कोणाच्या तरी कोटावर वितळलेल्या बर्फाचं पाणी होतं. दरवाज्यापासून कॉफीच्या टेबलापर्यंत गुलाबी पायवाट उमटली आणि डिपॉझिट गेलं. तेव्हा वाटलं होतं की रंगात भेसळ होती. आता सूतगिरणींचं वाचून कळतंय की ते कार्पेट बहुधा नायलॉनचं असणार.

पुढच्या वर्षी आम्ही दारातच प्रत्येकाच्या हातात एक मऊ ब्रश दिला. झटका, मग आत या. फरक जमीन-अस्मानाचा.

सूतगिरणी

@एडिसनकर, तुमच्या गोष्टीत सगळं आलं. कोरडी पावडर हा डाग नसतो, ती नुसती धूळ असते. पाणी लागलं की तिचा डाग होतो. म्हणून आत आल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं नाही, आधी झटकायचं आणि झाडायचं.

बाजारातला बराचसा 'हर्बल' गुलाल मक्याच्या पिठात रंग घालून केलेला असतो. पीठ ओलं झालं की बुळबुळीत होतं. ताडपत्रीवर गुलाल आणि पाणी एकत्र आलं की तिची घसरगुंडी होते. चाळीसातले दहा तरी साठीच्या पुढचे असतील ना? ताडपत्री आत घालू नका. शिवाय पाणी तिच्या कडेने खाली शिरतं, अडकून राहतं आणि रंगाला फरशीत मुरायला दिवसभर वेळ मिळतो.

ओवी

सजावटीबद्दल मी लिहू का? क्रेप कागदाच्या झिरमिळ्या रंगीबेरंगी दिसतात आणि स्वस्त पडतात. दाराला झेंडूचं तोरण, जमिनीवर झेंडूच्या पाकळ्यांची नक्षी. आणि उंबऱ्यापाशी गोणपाट, गावाकडचा फील येतो आणि पाणीही शोषतो.

सूतगिरणी

ओवीताई, रागावू नका, पण तिन्ही वस्तू या घरात डागच पाडतील.

क्रेप कागदाचा रंग पाण्याच्या चार थेंबांत उतरतो. भिंतीलगत टांगलेली झिरमिळी ओली झाली की खाली लाल ओघळ. झेंडूची पाकळी पायाखाली चिरडली की पिवळा डाग पडतो, आणि पॉलिश उडालेली मोझॅक तो धरून ठेवते. गोणपाट पाणी शोषतो खरा, पण तागाचा स्वतःचा तपकिरी रस सुटतो. ओलं पोतं फरशीवर दिवसभर राहिलं की खाली चहाच्या रंगाचा चौकोन उमटतो. बाहेरच्या सिमेंटच्या ब्लॉकवर गोणपाट खुशाल टाका, उंबऱ्याच्या आत नको.

ओवी

जमिनीवरचं पटलं. पण दाराच्या चौकटीवर उंच टांगलेल्या झेंडूला कोण चिरडणार? झेंडूशिवाय सणाचं दार, मला नाही पटत.

सूतगिरणी

उंच असेल तर हरकत नाही. पिचकारीच्या टप्प्याबाहेर मात्र हवा.

अबोली_कोथरूड

बापरे, किती शिकले एका दिवसात! काल संध्याकाळी बसून चाचण्या केल्या. तेरा साड्यांपैकी आठ पास. दोघींनी गुलाबी डाग सोडलाच नाही, सासूबाई म्हणाल्या 'या नायलॉनच्याच, तुझ्या सासऱ्यांनी मुंबईहून आणलेल्या.' तीन साड्या रुमाल रंगवून नापास. सतरंजी एक पास, एक नापास.

आता भिंतीचं गणित सांगा ना. साड्या उभ्या टांगू की आडव्या? टेप लावायचं नाही का?

सूतगिरणी

आडव्या. सहावारी साडी लांबीला साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. तुमची लांब भिंतही १८ फूट! पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास. एक साडी आडवी बांधली की एक लांब भिंत झाली. ११ फुटांच्या भिंतीला उरलेल्या लांबीच्या चुण्या घाला, उलट छान दिसेल.

उंची नीट ठरवा. लोक साडीची खालची कड जमिनीला टेकवतात. त्यामुळे वरची कड पावणेचार फुटांवर संपते आणि मोठ्या माणसाचा हात नेमका त्याच्या वर टेकतो. वरची कड पाच फुटांवर घ्या, खाली सव्वा फूट मोकळं राहू द्या. खाली लोड-तक्क्यांची बैठक लावली तर तो भाग आपोआप झाकला जाईल. लोडांच्या अभ्ऱ्यांनाही पास झालेल्या साड्याच वापरा. सण म्हणजे पणत्या आल्याच, पण या भिंतींजवळ एकही पणती नको. पॉलिएस्टर जळताना वितळून अंगाला चिकटतं.

टेप डिस्टेंपरवर तर लावूच नका, काढताना भिंतीचा पोपडा घेऊन येतो. प्लास्टिक पेंटवर रंगाऱ्याचा कागदी टेप चालतो, पण साडीचं वजन तो तासभरसुद्धा धरत नाही. सुतळी बांधा.

परसबाग

सुतळीचा अनुभव माझा आहे म्हणून लिहिते. खिडकीच्या गजापासून दाराच्या बिजागरीपर्यंत १८ फूट सुतळी ताणली तरी साडीच्या वजनाने मधोमध झोका पडतोच. मध्ये एक टेका लागतो. आम्ही घड्याळ उतरवून त्याच्या खिळ्याला गाठ मारली. साडीची वरची कड दोन इंच दुमडून सुतळीवरून घेतली आणि हातभर अंतरावर सेफ्टी पिना लावल्या. कपडे वाळत घालायचे चिमटे लावू नका, एक कार्टं ओढतं आणि सगळी भिंत खाली येते.

थेंब

एक प्रश्न विचारते, रागावू नका. मार्च महिना, आमच्याकडे एक दिवसाआड पाणी. आठ साड्या, चार चादरी, सतरंजी धुवायला जेवढं पाणी जाईल तेवढ्यात फरशी चार वेळा पुसून होईल. मग झाकण्यात काय अर्थ?

सूतगिरणी

प्रश्न रास्त आहे. फरशी पुसून रंग निघतो की नाही यावर उत्तर अवलंबून आहे. व्हिट्रिफाइड टाइल असती तर मी म्हणालो असतो, झाकूच नका, फक्त टाइलच्या सांध्यांतला सिमेंट जपा. मोझॅकमध्ये आणि डिस्टेंपरमध्ये मुरलेला रंग मात्र पाण्याने सुटत नाही.

दुसरं, सगळं घर झाकायचंच नाहीये. रहाडकरांच्या आजीने काय केलं ते बघा, तिने वाट झाकली. माणूस कुठून आत येतो, कुठे हात टेकवून चपला काढतो, बाथरूमकडे जाताना कोणती भिंत चाचपतो, कोणता दिवा लावतो, एवढंच बघा. माझ्या अंदाजाने अबोलीताईंच्या घरात अशा पाच जागा निघतील.

थेंब

तरीही आठ साड्या धुवायच्याच. मला अजून पटलेलं नाही, पण ठीक.

अबोली_कोथरूड

काल यजमानांना डोळे मिटून 'ओल्या अंगाने बाथरूमला जा' म्हटलं. शपथ, पाचच जागा निघाल्या! दाराची चौकट, चपलांच्या स्टँडमागची भिंत, बोळाचा कोपरा, बाथरूमबाहेरचा स्विचबोर्ड आणि फ्रिजचं हँडल. फ्रिजचं मला सुचलंही नव्हतं.

ठरवलं ते असं. थंडाई, पन्हं आणि पाण्याचे पिंप बाहेरच, म्हणजे स्वयंपाकघरात कोणी येणारच नाही. बोळातले आणि बाथरूममधले दिवे सकाळीच लावून ठेवायचे आणि बोर्डावर पारदर्शक प्लास्टिक लावायचं, ओल्या हातांनी बटणाला कोणी हात लावायला नको. बोळाच्या डिस्टेंपरला साडी आणि तिच्यामागे मेणकापड, कारण सूतगिरणी म्हणतात तसं तिथे ओलेच लोक येणार. दारापासून बाथरूमपर्यंत पास झालेली सतरंजी आणि तिच्यापुढे दुहेरी घडीच्या जुन्या चादरी. कापडी सोफा सरळ बेडरूममध्ये, आणि मांडववाल्याकडून पंधरा प्लास्टिकच्या खुर्च्या.

झोपाळा उचलण्यासारखा नाही. त्यावर प्लास्टिक टाकू की गोधडी?

सूतगिरणी

फ्रेंच पॉलिशवर थेट प्लास्टिक कधीच नको. आतली दमट हवा अडकते आणि दुसऱ्या दिवशी पॉलिशवर पांढरट ढग दिसतो. आधी कोरडी सुती चादर, मग प्लास्टिक, वर गोधडी. गोधडीच्या कडा खाली बांधून टाका, आणि कड्या सोडवून झोपाळा बंद ठेवा. लोक त्यावर बसले तर तुमचं सगळं व्यर्थ. गोधडीचाही रंग जातो का ते बघा, जुन्या लुगड्यांची असेल तर नक्की जाईल.

दारात मात्र तीन गोष्टी एकापाठोपाठ हव्यात. पहिली, बाहेर झटकायची जागा, तिथे दोन मऊ ब्रश आणि दोन कोरडे पंचे. दुसरी, पाय बुडवायला पाण्याचं घमेलं, आणि ते पाणी दर दहा-बारा माणसांनी बदला, नाहीतर त्याच पाण्याने पाय रंगतात. तिसरी, जाड टॉवेल किंवा पायपुसणं. हा क्रम उलटा झाला तर कोरड्या गुलालाची घरभर पेस्ट होते.

आणि रंग तुम्हीच आणा. पाहुण्यांनी आणलेल्या रंगाची चाचणी तुम्ही केलेली नसते. सोनेरी-चंदेरी रंग तेलात किंवा वॉर्निशमध्ये कालवलेला असतो, त्याला यातलं काहीच अडवत नाही. तो फाटकातच जमा करून घ्या.

रहाडकर_नाशिक

पळसाच्या फुलांचा रंग करा की. आमच्याकडे अजून करतात. फुलं रात्रभर भिजत घातली की सकाळी केशरी पाणी तयार, धुतलं की जातं.

सूतगिरणी

उत्तम. फक्त त्यात तुरटी घालू नका. काही जण 'रंग खुलतो' म्हणून घालतात. तुरटीने रंग कापडावर पक्का बसतो, आम्ही कारखान्यात ती त्याचसाठी वापरायचो. लोखंडी घमेल्यातही भिजवू नका, रंग काळपट होतो आणि डागही हट्टी पडतो.

हळदीचाही एक चमत्कार सांगून ठेवतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि बाया घाबरून आणखी घासतात. काही झालेलं नसतं, हळद साबणातल्या सोड्याने लाल होते. पुष्कळ पाण्याने खळबळून कापड उन्हात टाका. मार्चचं ऊन दोन दिवसांत पिवळा डाग खाऊन टाकतं.

अबोली_कोथरूड

मंडळी, झाली रंगपंचमी! कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत.

बेचाळीस माणसं आली. भिंतींना केशरी, पोपटी आणि जांभळी साडी, खाली लोडांची बैठक, दारावर ओवीचं झेंडूचं तोरण. दोघींनी विचारलं, 'डेकोरेटर कोण?' ऊर भरून आला.

बोळाची भिंत कोरी करकरीत आहे. साडीवर किमान नऊ हात मोजले, मागच्या मेणकापडावर तीन ठिकाणी गुलाबी पाणी होतं. म्हणजे नुसत्या साडीने भागलं नसतं. झोपाळा सुखरूप. सासऱ्यांनी संध्याकाळी स्वतः उघडून बोट फिरवून पाहिलं आणि काही बोलले नाहीत, आमच्याकडे हे कौतुक समजतात.

आता फजिती. घमेल्याचं पाणी पहिला तासभर नीट बदललं, मग मी पुरणपोळ्या वाढायला गेले आणि यजमान पिचकारी घेऊन पसार. परत आले तर घमेल्यात जांभळा काढा झाला होता. तोवर पंधरा-वीस जण त्यात पाय बुडवून स्वच्छ समजून आत आले होते. सतरंजी आणि पहिली चादर जिथे जुळतात तिथे फट पडली होती. त्या फटीतून मोझॅकवर बोटभर रुंदीचा, फूटभर लांबीचा गुलाबी-जांभळा पट्टा उमटलाय. संध्याकाळी दिसला, तोवर चार-पाच तास झाले असतील. साबणाने पुसून हलला नाही. लिंबू लावलेलं नाही, शपथेवर सांगते!

परसबाग

कापडं एकमेकांवर वीतभर चढवायला हवी होती, आणि खालून दोन टाके. चालताना सरकतातच.

सूतगिरणी

परसबागताई बरोबर आहेत, ते मी सांगायला हवं होतं. आणि घमेल्याच्या कामावर एक माणूस नेमायचा, तोही न खेळणारा.

पट्ट्यासाठी असं करा. औषधांच्या दुकानात सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. टाल्कम किंवा खडूच्या पावडरीत ते घालून श्रीखंडाइतकी घट्ट पेस्ट करा. पट्ट्यावर पाव इंच थर द्या, वर प्लास्टिक ठेवून कडा टेपने बंद करा, चोवीस तास ठेवा. मग प्लास्टिक काढून पेस्ट पूर्ण वाळू द्या. वाळताना ती मुरलेला रंग वर ओढते. हातमोजे घाला, आणि आधी कपाटाखाली एका कोपऱ्यात करून बघा. दोन-तीन वेळा करावं लागेल. सगळा जाईल असं मी म्हणत नाही, काही गुलाबी रंग फार चिवट असतात.

साड्या आधी अंगणात कोरड्याच झटका, मग गार साध्या पाण्यातून दोनदा काढा, पाणी फिकट झालं की मग साबण. पहिल्यांदाच गरम पाणी आणि साबण घातलात तर सुटलेला रंग सगळ्या साड्यांवर सारखा पसरेल. पांढऱ्या सुती चादरींनाच फक्त ब्लीच, पाकिटावर लिहिलंय तेवढंच, आणि त्याच बादलीत बाथरूमचं ॲसिड कधीही नको. विषारी वायू होतो.

थेंब

किती बादल्या लागल्या ते लिहा हं.

अबोली_कोथरूड

@थेंब, मोजल्या. झटकल्यावर आठ साड्या, चादरी आणि सतरंजी मिळून एकवीस बादल्या. शेवटच्या सात बादल्यांचं पाणी अंगणातले ब्लॉक धुवायला वापरलं. तुमचा मुद्दा खोडता येत नाही. पुढच्या वर्षी बैठकीमागच्या दोन साड्या कमी करीन, तिथे एकही हात लागला नव्हता.

अबोली_कोथरूड

चार दिवसांनी परत. पेस्ट दोनदा लावून झाली. पहिल्या खेपेला पट्टा जांभळ्याचा फिकट गुलाबी झाला, दुसऱ्या खेपेला आणखी थोडा. पाहुण्याला दिसणार नाही, मला रोज दिसतो. तिसऱ्यांदा लावू का हे विचारायला आले होते, तर सासूबाईंनी त्यावर पायपुसणं टाकलं आणि म्हणाल्या, 'पुरे झाली तुझी प्रयोगशाळा.'

काकाकुआ

तिसऱ्यांदा लावा. मी घरी आमच्या जुन्या डागावर दुसरा थर दिलाय, जातोय हळूहळू.

ओवी

ती पोपटी साडी जॉर्जेट आहे का? काठ जवळून दाखवाल का?